खाज वेगळी, उन्हाळी वेगळी

मधुमेह असलेल्या माणसाला लघवीच्या जागी त्रास सुरू झाला की घरात, औषधाच्या दुकानात आणि पुष्कळदा दवाखान्यातही त्याला एकच नाव मिळते : ‘लघवीचे इन्फेक्शन’. मग अँटिबायोटिकची पाच दिवसांची पट्टी हातात पडते. काहींना तिने बरे वाटते. बाकीच्यांचा त्रास तसाच राहतो किंवा वाढतो, आणि ‘शुगर असली की हे चालायचेच’ असे म्हणून ती माणसे गप्प बसतात. या एका नावाखाली खरे तर दोन निराळे आजार नांदत असतात. एक बाहेरचा, बुरशीचा. त्यात खाज सुटते, कातडी लाल होते, बायकांच्या अंगावरून दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जाते. दुसरा आतला, जिवाणूंचा. त्यालाच आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. मधुमेहात दोन्हींचे प्रमाण जास्त असते, पण दोन्हींची कारणे एक नाहीत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला वाढवू शकते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या आता घरोघरी पोहोचल्या असताना हा फरक रुग्णाला सांगितलाच गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आधी साखर लघवीत येते कशी, ते पाहू. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर दीडशे ग्रॅमहून अधिक ग्लुकोजही गाळले जाते. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळे परत रक्तात शोषले जाते. हे काम करणाऱ्या वाहक प्रथिनांची एक मर्यादा असते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की त्यांना सगळी साखर परत घेता येत नाही आणि उरलेली लघवीवाटे बाहेर पडते. ही मर्यादा प्रत्येकाची थोडी वेगळी असते. गरोदरपणात ती खाली येते, म्हणून मधुमेह नसलेल्या गर्भवतीच्याही लघवीत कधी कधी साखर सापडते. वय वाढते तशी ती अनेकांत वर सरकते.

ही गोड लघवी मूत्राशयात काही तासच असते. बाहेर पडताना मात्र तिचे थेंब योनिमुखाजवळच्या घड्यांत, पुरुषांच्या पुढच्या कातडीखाली, जांघेत आणि अंतर्वस्त्रावर रेंगाळतात. तिथे ऊब आणि ओल आधीपासून असते, त्यात साखरेची भर पडते. कँडिडा नावाची बुरशी अनेक निरोगी माणसांच्या अंगावर निरुपद्रवीपणे राहत असते. तिला अशी जागा मिळाली की ती फोफावते. शिवाय रक्तातली साखर दीर्घकाळ चढी राहिली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. बुरशीला खाद्य वाढते आणि तिला रोखणारा पहारा ढिला पडतो, असे एकाच वेळी होते.

पुरुषांत हा त्रास फारसा बोलला जात नाही. शिश्नाच्या टोकावरची कातडी लाल होते, तिला बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आक्रसते आणि पुढे ती मागे सरकेनाशी होते. चाळिशीतला माणूस अशी तक्रार घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि तिथे रक्त तपासल्यावर मधुमेह असल्याचे पहिल्यांदा कळते, हे वैद्यकात नवे नाही. म्हणून ज्याला आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक नाही, अशाने या जागी वारंवार चिरा पडत असतील तर मलमाआधी साखर तपासून घ्यावी.

आता त्या नव्या गोळ्यांकडे वळू. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही त्या गटातली नावे. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत बरीच उतरली. एम्पाग्लिफ्लोझिनचे तेच २०२५ मध्ये झाले. ही औषधे साखर परत शोषणाऱ्या वाहकालाच अडवतात, त्यामुळे रक्तातली साखर १८० च्या खाली असली तरी ती लघवीवाटे जाऊ लागते. मूत्रपिंडे चांगली असतील तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. हृदय कमकुवत असलेल्यांना आणि ज्यांच्या मूत्रपिंडाला मधुमेहाची झळ लागली आहे त्यांना या गोळ्यांचा मोठा फायदा होतो. तो मोठमोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला आहे आणि त्याबद्दल आमची कसलीही शंका नाही. पण त्याच चाचण्यांत जननेंद्रियांच्या बुरशीचे प्रमाण गोळी न घेणाऱ्यांच्या तुलनेत तिपटीच्या पुढे गेलेलेही दिसले. हा त्रास बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो, बायकांत जास्त होतो, आणि बहुतेक वेळा सौम्य असतो. चिठ्ठी लिहिताना हे दोन वाक्यांत सांगता येते. अनेकांना ते सांगितले जात नाही.

न सांगितल्याने काय होते? एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. छप्पन्न वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ८.६ आहे. डॉक्टर डापाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी जोडतात. उपाशीपोटीची साखर १६८ वरून १२४ वर येते आणि बाई खूश होतात. तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू होते. लघवी करताना आग होते, पण ती आत नव्हे, लघवी बाहेरच्या सोलवटलेल्या कातडीला लागते तेव्हा. हा फरक त्यांना कोणी विचारत नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक येते. तिसऱ्या दिवसापासून खाज दुप्पट होते, कारण योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू असतात, ते तिथले वातावरण आम्ल ठेवतात आणि बुरशीला धाकात ठेवतात. अँटिबायोटिकने तेच मारले गेले.

मग लघवीची साधी तपासणी होते. रिपोर्टवर साखर चार अधिक, पू पेशी दहा-बारा, एपिथेलियल पेशी भरपूर. चार अधिक वाचून घरात घबराट होते. पण ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीत साखर असणारच. ती नसेल तर गोळी घेतली जात नाही किंवा मूत्रपिंड तेवढे काम करत नाही, असा अर्थ होईल. या माणसांत लघवीतल्या साखरेवरून मधुमेहाचा अंदाज बांधता येत नाही, तो रक्तावरूनच बांधायचा. एपिथेलियल पेशी भरपूर असणे याचा अर्थ नमुना घेताना बाहेरच्या कातडीचा आणि स्रावाचा अंश त्यात मिसळला. म्हणजे त्या पू पेशी मूत्राशयातल्याच आहेत असे म्हणता येत नाही. या रिपोर्टवर दुसरे, अधिक तीव्र अँटिबायोटिक सुरू होणे ही इथली सर्वात सहज घडणारी चूक आहे. बाई वैतागून नवी गोळी परस्पर बंद करतात आणि साखर पुन्हा १६० च्या पुढे जाते.

हे सगळे एका तपासणीने टळले असते. स्त्रीरोगतज्ज्ञाने नुसते पाहिले तरी बुरशी बहुधा ओळखू येते, आणि शंका असल्यास स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. उपचारही अवघड नाही : क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी आणि बाहेरून तेच मलम. मधुमेहात मात्र हा उपचार एका रात्रीत आटोपत नाही, आठवडाभर किंवा त्याहून जास्त करावा लागतो. दुसरा मार्ग फ्लुकोनाझोलच्या तोंडाने घ्यायच्या गोळीचा. ती सोयीची असल्याने सर्रास दिली जाते, पण ती यकृतात ग्लिमेपिराइडचा निचरा मंदावते. या बाईंनी ती घेतली असती तर साखर अचानक उतरून घाम, थरथर, भोवळ अशी लक्षणे येण्याचा धोका होता. गोळी देऊच नये असे नव्हे. मधुमेहाची कोणती औषधे चालू आहेत हे विचारून द्यावी, आणि त्या दिवसांत साखर दोनदा जास्त मोजावी. बुरशीचा असा एखादा झटका डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवूनही बरा होतो. वर्षात तीन-चारदा तेच होऊ लागले तर मात्र त्या गोळीचा पुनर्विचार करावा आणि स्रावाचे कल्चरही करावे, कारण मधुमेहींमध्ये कँडिडाची ग्लाब्राटा ही जात तुलनेने जास्त आढळते आणि ती फ्लुकोनाझोलला सहज दाद देत नाही.

बुरशीला रोखण्यासाठी रोजचे दोन नियम पुरतात. लघवीनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी साध्या पाण्याने ती जागा धुवावी, आणि धुतल्यावर कोरडी करावी. आपल्याकडे पाण्याने धुण्याची सवय आधीच आहे. कोरडे करण्याची नाही. ओल्या अंगावर घट्ट नायलॉनची अंतर्वस्त्रे चढवली की धुण्याचा फायदा निम्मा जातो. पुरुषांनी पुढची कातडी हलकेच मागे सारून धुवावी, पुसावी आणि पुन्हा पुढे आणावी. साबण, जंतुनाशक द्रावण, सुगंधी ‘वॉश’ यांची गरज नाही. योनीच्या आत तर पाण्याचा फवाराही मारू नये, त्याने उपयोगी जिवाणूच वाहून जातात. खाजेवर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या तीन औषधांच्या एकत्रित ट्यूबबद्दल विशेष सांगायला हवे. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि तिथली आधीच नाजूक कातडी पातळ होते.

आता उन्हाळीकडे येऊ. लघवीत साखर असते म्हणून त्यात जिवाणू वाढतात, असे सरळ समीकरण डॉक्टरांच्याही तोंडी असते. ते पूर्ण खरे असते तर रोज सत्तर ग्रॅम साखर लघवीत सोडणाऱ्या गोळ्यांनी मूत्रसंसर्गाचा कहर व्हायला हवा होता. तसे झाले नाही. मोठ्या चाचण्यांत जननेंद्रियांची बुरशी कित्येक पटींनी वाढली, मूत्रसंसर्ग मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. दुर्मीळ पण गंभीर अपवाद आहेत : अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या गोळ्या घेणाऱ्यांत मूत्रमार्गातून रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाबद्दल इशारा दिला होता. तरीही एकूण चित्र हेच सांगते की नुसत्या साखरेने उन्हाळी लागत नाही. आणखी काहीतरी लागते, आणि ते बहुतेकदा मूत्राशयात उरलेली लघवी हे असते.

मधुमेह जसा पायांच्या नसा बधिर करतो तसा मूत्राशयाच्याही करतो. निरोगी मूत्राशय चारशे-पाचशे मिलिलिटरला जोरात हाक देते. नसा बोथटल्या की हाक उशिरा येते, मूत्राशय ताणले जाते, त्याचा स्नायू सैल पडतो आणि लघवी झाल्यावरही आत साठा राहतो. या माणसाला काही दुखत नाही. उलट ‘मला सारखे जावे लागत नाही’ याचे त्याला बरेच वाटते. प्रत्येक वेळी उरलेल्या त्या लघवीत ई. कोलायसारख्या जिवाणूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. एरवी ते प्रवाहाबरोबर धुऊन गेले असते. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी हेच करते. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत आणखी एक कारण जोडले जाते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरते, योनीतले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गुदद्वाराकडचे जिवाणू तिथे वस्ती करतात. अशांना स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने वारंवारची उन्हाळी कमी होते. हा सिद्ध झालेला उपाय आपल्याकडे फार थोड्या जणींपर्यंत पोहोचतो.

म्हणून ज्या मधुमेहीला वर्षात दोन-तीनदा उन्हाळी लागते, त्याने पुढच्या अँटिबायोटिकआधी एक सोनोग्राफी मागावी : लघवीपूर्वी आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते ते मोजणारी. पन्नास मिलिलिटरच्या आत उरले तर चिंता नाही. शंभर-दीडशेच्या पुढे वारंवार दिसले तर कारण शोधायला हवे. एक खबरदारी : सोनोग्राफीसाठी तासन्तास लघवी रोखून मूत्राशय तट्ट फुगवले असेल तर त्या दिवशी साठा खोटा जास्त दिसू शकतो, तेव्हा आकडा एकदा पडताळून घ्यावा. साठा खरोखर असेल तर हाकेची वाट न पाहता घड्याळ बघून दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. लघवी झाली की लगेच उठू नये. एक-दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. दुसऱ्या खेपेला निघणारी लघवी पाहून अनेकांना नवल वाटते.

पाण्याचाही उपयोग आहे. दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या आणि वारंवार उन्हाळी लागणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावल्यावर वर्षभरातली आजारपणे जवळजवळ निम्मी झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्या स्त्रिया मधुमेही नव्हत्या, पण तत्त्व लागू पडते. धन्याचे पाणी, जिऱ्याचे पाणी, बार्ली यांत चालणारा भाग पाण्याचाच असतो. साखर घातलेली सरबते मात्र नकोत. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी पाण्याचे माप डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

अँटिबायोटिक लागतेच, पण ते कल्चरनंतर. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची, तासाभरात प्रयोगशाळेत द्यायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची, आणि हे सगळे पहिल्या गोळीच्या आधी. आपल्याकडचे ई. कोलाय अनेक नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, त्यामुळे अंदाजाने निवडलेली गोळी वाया जाण्याची शक्यता खरी आहे. कल्चरमध्ये जिवाणू आले पण जळजळ नाही, ताप नाही, काहीच त्रास नाही, असे मधुमेही स्त्रियांत पुष्कळदा होते. तिथे रिपोर्टला औषध देऊ नये. कॅनडात अशा शंभरावर मधुमेही स्त्रियांवर अभ्यास झाला आणि तो २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अँटिबायोटिक दिलेल्यांना पुढे उन्हाळी कमी लागली नाही. त्यांच्या वाट्याला औषधेच जास्त आली. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण यांना हा नियम लागू नाही.

उलट काही खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या, किंवा कारण नसताना साखर तीनशेच्या पुढे जाऊन उतरेना. नसा बधिर असलेल्याला जळजळ न होताही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. तिथे जिवाणू साखर आंबवून वायू तयार करतात आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यातच हवेचे बुडबुडे दिसू लागतात. असा आजार होणाऱ्यांत बहुसंख्य मधुमेही असतात. साध्या सोनोग्राफीत तो निसटू शकतो, सीटी स्कॅनमध्ये दिसतो, आणि वेळ गेल्यास मूत्रपिंड काढावे लागते. दुसरी खूण बाहेरची आहे : जननेंद्रिय ते गुदद्वार या भागात सूज, लाली आणि दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना, सोबत ताप. हा भाग सडू लागण्याची ती सुरुवात असू शकते. वर उल्लेखलेल्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दलही इशारा दिला. हे फार विरळा घडते, पण घडते तेव्हा शस्त्रक्रियेला उशीर म्हणजे जीव गमावणे.

दर तीन-चार तासांनी लघवीला जा, पाणी जास्त प्या, धुऊन कोरडे करा, हा सल्ला घरात बसलेल्याला पाळता येतो. एसटीच्या महिला वाहकाला, बाजारात दिवसभर भाजी विकणारीला, फडातल्या ऊसतोडणी कामगार बाईला तो पाळणे अशक्य करून ठेवले आहे. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायला नको. मुंबईत स्वयंसेवी संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम २०११ मध्ये सुरू केली तेव्हा मागणी स्त्रियांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळण्याची होती. मधुमेही स्त्रीसाठी ती मागणी उपचाराचा भाग ठरते, आणि लघवी वाढवणारी गोळी घेऊन तहान मारणाऱ्या बाईच्या अंगातले पाणीच आटते. महामंडळाने आणि पालिकांनी प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक मंडईत नळाला पाणी, आतून लागणारी कडी आणि रात्री दिवा असलेले शौचालय द्यावे. आणि मधुमेहाच्या तपासणी शिबिरांत पायांच्या संवेदनेसोबत दोन प्रश्न वाढवावेत : खाज आहे का, आणि शेवटची लघवी किती तासांपूर्वी झाली. ते मोठ्याने, रांगेत न विचारता पडद्याआड, शक्यतो परिचारिकेने विचारावेत.